टीआरपी नक्की मोजतात कशी? ५८ हजार घरांचा हिशेब आणि त्यातल्या फटी

दर गुरुवारी तुमच्या फीडमध्ये मराठी मालिकांची टीआरपी लिस्ट येते. कुठली मालिका पहिली, कुठली घसरली, कुठली बंद पडणार. खाली कमेंट्समध्ये एक प्रश्न हमखास असतो: "आमच्या घरी तर कधी कोणी विचारायला आलं नाही, मग हे आकडे येतात कुठून?"

प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशात सुमारे २३ कोटी घरांत टीव्ही आहे आणि त्यातल्या फक्त ५८ हजारांच्या आसपास घरांत मोजणीचं मीटर बसवलेलं आहे. टक्केवारीत सांगायचं तर ०.०२५ टक्के. म्हणजे मीटर असलेलं एक घर सरासरी चार हजार घरांच्या वतीने बोलतं.

हा आकडा ऐकून बहुतेकांना वाटतं, सॅम्पल एवढं लहान म्हणजे सगळं खोटंच. पण ते तितकं सरळ नाही. या पद्धतीचे काही आकडे बऱ्यापैकी भरवशाचे असतात, तर काही जवळपास अंदाजपंचे. कुठला आकडा कुठल्या प्रकारात मोडतो हे ओळखता येतं. त्यासाठी आधी मोजणी कशी होते ते पाहू.

## मोजतं कोण?

भारतात हे काम ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, म्हणजेच बार्क ही संस्था करते. तिची स्थापना २०१० ची, आणि तिचे आकडे बाहेर यायला लागले २०१५ मध्ये. त्याआधी हे काम टॅम नावाची कंपनी करत होती.

बार्कची मालकी तीन संघटनांकडे आहे. ६० टक्के वाटा चॅनेलवाल्यांच्या संघटनेचा, २० टक्के जाहिरात देणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचा आणि २० टक्के जाहिरात एजन्सींच्या संघटनेचा. या आकड्यांवर ज्यांचे पैसे फिरतात, त्या सगळ्यांनी मिळून उभी केलेली ही संस्था आहे. टीकाकारांचा एक जुना आक्षेप इथेच आहे: ज्यांचं मोजमाप व्हायचं, तेच मोजणाऱ्या संस्थेचे सर्वांत मोठे मालक.

## घरं कशी निवडतात?

आधी एक मोठा सर्व्हे होतो. २०१८ मध्ये बार्कने असा सर्व्हे सुमारे ३ लाख घरांत केला होता. त्यातून देशातल्या टीव्हीच्या घरांचा नकाशा तयार होतो: शहरी किती, ग्रामीण किती, कुठली भाषा बोलतात, घरात माणसं किती, केबल आहे की डीटीएच.

आर्थिक गट ठरवण्यासाठी पगार विचारत नाहीत, कारण पगार कोणी खरा सांगत नाही. त्याऐवजी दोनच गोष्टी बघतात. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण, आणि ११ ठरलेल्या गोष्टींपैकी घरात किती आहेत. वीज जोडणी, पंखा, गॅस शेगडी, दुचाकी, फ्रीज, वॉशिंग मशीन, कार, एसी अशी ही यादी आहे आणि शेतजमीनसुद्धा तिच्यात येते. यावरून घर ए पासून ई पर्यंतच्या गटात बसतं.

मग या नकाशाच्या प्रमाणात मीटरची घरं निवडतात. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, तोच हा प्रकार. पण शीत पातेल्याच्या सगळ्या भागांतून घ्यावं लागतं, नुसतं वरवरचं चालत नाही. याचा पुरावा २०१५ मध्येच मिळाला. त्याआधी टॅमची मोजणी शहरांपुरती होती. बार्कने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण भाग धरला आणि हिंदी मनोरंजन चॅनेलचा क्रमच हलला. ज्यांच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नव्हतं अशी फुकट दिसणारी चॅनेल, उदाहरणार्थ झी अनमोल, एकदम वरच्या नंबरांवर दिसू लागली. प्रेक्षक आधीही तिथे होतेच, फक्त त्यांच्या घरी मीटर नव्हतं.

निवडलेली घरं गुप्त ठेवतात. तीच घरं वर्षानुवर्षं राहू नयेत म्हणून, सरकारच्या २०१४ च्या नियमांनुसार, दर वर्षी किमान २५ टक्के घरं बदलावी लागतात.

## मीटर काम कसं करतं?

तुमच्या फोनमध्ये गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारं अ‍ॅप असतं ना? मीटरचं काम साधारण त्याच जातीचं, पण एक मोठा फरक आहे. ते अ‍ॅप गाण्याचा आवाज ओळखतं. बार्कच्या पद्धतीत चॅनेल स्वतःच आपल्या आवाजात एक छुपा कोड मिसळून पाठवतं. त्याला वॉटरमार्क म्हणतात. कानाला तो ऐकू येत नाही, पण मीटरला कळतो. त्यात चॅनेलची ओळख आणि प्रसारणाची वेळ असते. त्यामुळे तुम्ही केबलवर बघा की डीटीएचवर, मीटरला काही फरक पडत नाही. टीव्हीतून जो आवाज येतोय, त्यातला कोड त्याला पुरतो.

इथपर्यंत सगळं आपोआप होतं. पण टीव्ही *कोण* बघतंय हे आवाजावरून कळत नाही. त्यासाठी मीटरसोबत एक वेगळा रिमोट येतो आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाला एक बटण असतं. आजी टीव्हीसमोर बसल्या की त्यांनी आपलं बटण दाबायचं, उठल्या की पुन्हा दाबायचं. दोन वर्षांवरच्या प्रत्येकाची अशी नोंद होते.

मानवी चुका सुरू होतात त्या इथून. पहिले काही आठवडे घरातले सगळे नेमाने बटण दाबतात, नंतर कंटाळा येतो. पोरगं हॉलमध्ये बसून फोनवर रील्स बघतंय आणि समोर मालिका चालू आहे. त्याने बटण दाबायचं की नाही? मीटरच्या दृष्टीने तो एकतर प्रेक्षक आहे किंवा नाही, मधलं काही नसतं. आई स्वयंपाकघरातून नुसती मालिका ऐकत असेल, तर तिचंही तेच.

## मिनिटांपासून रेटिंगपर्यंत

समजा, मीटरवर १०० लोक आहेत आणि मालिका ३० मिनिटांची आहे. त्यातल्या ६ जणांनी मालिका पूर्ण पाहिली आणि ४ जणांनी १५-१५ मिनिटं पाहिली.

एकूण बघितलेली मिनिटं झाली (६ × ३०) + (४ × १५) = २४०. याला मालिकेच्या ३० मिनिटांनी भागलं की येतात ८. म्हणजे मालिकेच्या कुठल्याही सरासरी मिनिटाला ८ जण समोर होते. १०० पैकी ८, म्हणून रेटिंग ८.

पण थोडा वेळ का होईना, मालिका पाहिली एकूण १० जणांनी. हा १० चा आकडा म्हणजे रीच. रीच आणि रेटिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चॅनेल बदलता बदलता मिनिटभर थांबलेला माणूस रीच वाढवतो, पण रेटिंग जेमतेम हलवतो. चॅनेलच्या जाहिरातीत "इतक्या कोटी लोकांनी पाहिलं" असं लिहिलेलं असेल, तर तो बहुतेक वेळा रीचचा आकडा असतो.

खऱ्या हिशेबात प्रत्येक माणसाला वजनही दिलेलं असतं. एखाद्या गटातली घरं मीटरवर कमी असली, तर त्यांचा प्रत्येक माणूस जास्त लोकांच्या वतीने मोजला जातो. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात.

यावर पैसा कसा फिरतो? जाहिरातदार साधारणपणे एका रेटिंग पॉइंटला किती रुपये मोजायचे ते ठरवतो. समजा दर पॉइंटला १०,००० रुपये ठरला. मालिकेचं रेटिंग २ असेल, तर १० सेकंदांच्या जाहिरातीचे २०,००० रुपये. रेटिंग १.५ वर आलं की तीच जाहिरात १५,००० ची. मालिका तीच, कलाकार तेच, पण उत्पन्न पाव हिश्शाने कमी. अर्ध्या पॉइंटसाठी निर्माते कथानक का वळवतात, ते इथे कळतं.

## सॅम्पल लहान म्हणजे चूकच का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संख्याशास्त्राचा एक सोपा नियम लक्षात ठेवा. मोजलेल्या प्रेक्षकांचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. खरा आकडा बहुतेक वेळा त्या हद्दीत असतो.

उदाहरण १: मोठा कार्यक्रम. मीटरवर ४०,००० लोक आहेत आणि रेटिंग २ आहे, म्हणजे प्रत्यक्षात ८०० जणांनी पाहिलं. ८०० चं वर्गमूळ साधारण २८, दुप्पट ५६. म्हणजे खरा आकडा ७४४ ते ८५६ च्या दरम्यान. रेटिंगमध्ये सांगायचं तर १.८६ ते २.१४. कामापुरतं पुष्कळ चांगलं.

उदाहरण २: छोटं चॅनेल, छोटा तुकडा. एका प्रदेशातला एक ठरावीक वयोगट घेतला आणि त्यात मीटरवर १,००० लोक आहेत. चॅनेलचं रेटिंग ०.५, म्हणजे पाहणारे फक्त ५ जण. ५ चं वर्गमूळ साधारण २.२, दुप्पट ४.४. म्हणजे खरा आकडा १ पासून ९ पर्यंत कुठेही असू शकतो. या आठवड्यात ५, पुढच्या आठवड्यात ८ आले, तर चॅनेल "६० टक्के वाढ" असं ओरडून सांगेल. प्रत्यक्षात काहीच घडलेलं नसेल.

वर, घरातली माणसं एकत्र बसून टीव्ही बघतात. उदाहरण २ मधले ५ जण कदाचित दोनच घरांतले असतील. एक कुटुंब आठवडाभर लग्नाला गावी गेलं की अर्धा प्रेक्षकवर्ग गायब. त्यामुळे खरी चूक या साध्या हिशेबापेक्षाही मोठी असते.

मुद्दा असा: एकूण घरं ५८ हजार आहेत हा मोठा दोष नाही. त्या घरांचे आपण किती बारीक तुकडे करतो, यावर सगळं ठरतं. आणि भारतात तुकडे फार आहेत. शेकडो चॅनेल, डझनभर भाषा, शहरी आणि ग्रामीण, वयोगट, आर्थिक गट, वर पुन्हा अर्ध्या-अर्ध्या तासाचे स्लॉट.

## हीच फट गैरप्रकाराला जागा देते

उदाहरण २ मध्ये समजा कोणाला मीटरचं एक घर सापडलं. त्या घरातल्या चौघांना थोडे पैसे देऊन चॅनेल चालू ठेवायला सांगितलं. ५ चे ९ झाले, म्हणजे रेटिंग जवळपास दुप्पट. हीच युक्ती उदाहरण १ मध्ये केली तर ८०० चे ८०४ होतील, कोणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून फसवणुकीचा मोह छोट्या प्रेक्षकसंख्येच्या चॅनेलना जास्त पडतो. न्यूज चॅनेल, त्यातही इंग्रजी, याच गटात येतात.

८ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांनी पत्रकार परिषद घेऊन नेमका असाच आरोप केला. मीटरच्या घरांची देखभाल करणाऱ्या हंसा रिसर्च या कंपनीच्या तक्रारीवरून तपास सुरू झाला होता. ठरावीक चॅनेल चालू ठेवण्यासाठी काही घरांना महिन्याला ४०० ते ५०० रुपये दिले गेले, असं पोलिसांचं म्हणणं होतं. त्यांनी रिपब्लिक टीव्ही आणि दोन छोट्या चॅनेलची नावं घेतली. रिपब्लिकने आरोप साफ फेटाळले. पुढे २०२२ मध्ये ईडीने आपल्या आरोपपत्रात रिपब्लिकविरुद्ध पुरावा मिळाला नसल्याचं म्हटलं. मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या कोर्टाने पोलिसांचा खटला मागे घ्यायला परवानगी दिली. त्यामुळे त्या आरोपांचं खरंखोटं खटल्यात कधी ठरलंच नाही.

पण पद्धतीवर परिणाम झाला. बार्कने ऑक्टोबर २०२० मध्ये न्यूज चॅनेलचे साप्ताहिक आकडे देणं थांबवलं. ते परत सुरू झाले मार्च २०२२ मध्ये, आणि तेही वेगळ्या रूपात. आता एका आठवड्याऐवजी मागच्या चार आठवड्यांची सरासरी दिली जाऊ लागली. याने दोन गोष्टी साधतात. चार आठवड्यांची नोंद एकत्र आल्याने नुसत्या योगायोगाचे चढउतार कमी होतात. शिवाय एखाद्या घराला आठवडाभर हाताशी धरून मोठी उडी दाखवता येत नाही. तोटा एवढाच, की खरी वाढ झाली तरी ती हळूहळू दिसते.

फसवणुकीला लाच लागतेच असंही नाही. तुमचा सेट टॉप बॉक्स चालू केल्यावर आपोआप एखादं चॅनेल लागतं का? त्याला लँडिंग पेज म्हणतात. ती जागा चॅनेल केबलवाल्याला पैसे देऊन विकत घेतं. तुम्ही रिमोट शोधेपर्यंत मीटरवर त्या चॅनेलची नोंद होऊन जाते आणि रीच फुगतो. ट्रायने डिसेंबर २०१८ मध्ये यावर बंदी आणायचा प्रयत्न केला, पण २०१९ मध्ये टीडीसॅट या लवादाने तो आदेश रद्द केला. मग बार्कने असे अचानक फुगलेले आकडे गाळणारी पद्धत लावली. पण नेमकं काय गाळायचं, यावरून चॅनेलवाल्यांमध्ये भांडणं आहेतच.

## मग मीटर वाढवा ना!

वाढवलेच पाहिजेत, पण एक अडचण आहे. वर्गमूळाच्या नियमामुळे घरं दुप्पट केली तर चूक निम्मी होत नाही, साधारण ३० टक्क्यांनीच कमी होते. निम्मी करायला घरं चौपट लागतात. आणि प्रत्येक घरामागे मीटर, देखभाल आणि भेटी यांचा खर्च येतो.

दुसरा पर्याय म्हणजे सेट टॉप बॉक्सकडूनच थेट माहिती घ्यायची. यात घरं लाखांनी मिळतील, लाच देणंही अशक्य होईल. पण भारतातले बहुतेक बॉक्स फक्त सिग्नल घेतात, परत काही पाठवत नाहीत. शिवाय बॉक्सला फक्त चॅनेल कळतं, समोर कोण आहे ते नाही. कित्येक घरांत टीव्ही बंद करतात आणि बॉक्स रात्रभर चालूच राहतो.

## तुम्ही फोनवर बघता ते कुठे मोजतात?

टीआरपीत नाही. मालिका तुम्ही झी५ किंवा जिओहॉटस्टारवर फोनमध्ये पाहिली, तर गुरुवारच्या लिस्टमध्ये तुमचा हिशेब शून्य. सध्याची मोजणी स्मार्ट टीव्हीवरचं स्ट्रीमिंग आणि मोबाइल धरत नाही, हे मंत्रालयानेही जुलै २०२५ मध्ये मान्य केलं. म्हणून कॉलेजच्या ग्रुपमध्ये गाजलेली मालिका लिस्टमध्ये तळाला दिसू शकते.

अ‍ॅपकडे मात्र प्रत्येक प्लेची नोंद असते, सॅम्पल लागतच नाही. मग ते जास्त खरं का? प्रेक्षक किती वेळा आले ते अ‍ॅपला नक्की कळतं. पण एका फोनवर तिघे बघत असतील तर ते कळत नाही. किती सेकंद पाहिलं की "व्ह्यू" धरायचा हे कंपनी स्वतः ठरवते, आणि आकडाही तीच जाहीर करते.

## लिस्ट वाचताना काय बघायचं?

पुढच्या गुरुवारी लिस्ट आली की तीन गोष्टी तपासा.

फरक किती आहे? पहिल्या आणि दुसऱ्या मालिकेत ०.१ चा फरक असेल, तर त्यांना बरोबरीत धरा. सलग पाच-सहा आठवडे तोच क्रम राहिला तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

कुठला तुकडा आहे? "आम्हीच नंबर वन" असं दोन चॅनेल एकाच आठवड्यात म्हणू शकतात आणि दोघांचंही खरं असू शकतं. एकाने महाराष्ट्र-गोव्यातले सगळे प्रेक्षक धरले, दुसऱ्याने फक्त शहरी, ठरावीक वयाचे आणि रात्रीच्या एका तासाचे. बारीक अक्षरांतली तळटीप वाचा. तुकडा जितका लहान, आकडा तितका डळमळीत.

रेटिंग आहे की रीच? "कोटी लोकांनी पाहिलं" म्हणजे मिनिटभर थांबलेलेही त्यात आले. लोक खरंच टिकून बसले का, ते रेटिंग सांगतं.